अर्धी ओळ वाचताना

जपानी दूरचित्रवाणी पहिल्यांदा पाहणाऱ्याचे लक्ष माणसांआधी अक्षरांकडे जाते. स्वयंपाकाचा कार्यक्रम असो, गावोगाव फिरणारी सफर असो की स्टुडिओतल्या गप्पा असोत, पडद्याच्या खालच्या भागात मोठी, रंगीत, जाड काठाची अक्षरे सतत उमटत आणि पुसली जात असतात. कोणी काही गंमतशीर बोलले की ते वाक्य तसेच लिहून येते. वरच्या कोपऱ्यात एक छोटी पट्टी बराच वेळ टिकून असते आणि मधूनच सुरू करणाऱ्याला विषय सांगते. या सगळ्या लिखाणाला जपानीत ‘तेरोप्पु’ म्हणतात, मराठीत ते ‘टेलॉप’ असे लिहिता येईल. शब्द मूळचा अमेरिकेतला आहे. ‘टेलिव्हिजन ओपेक प्रोजेक्टर’ या यंत्राच्या नावाची ती आद्याक्षरे. त्या यंत्राने कागदी पाटीवरचा मजकूर थेट प्रक्षेपणावर चढवता येई. यंत्र कधीच मागे पडले, पण जपानमध्ये नाव राहिले आणि त्या नावाखाली अक्षरांची एक स्वतंत्र कला उभी राहिली.

हा लेख त्या कलेच्या एका लहान, पण रोज भेटणाऱ्या अडचणीविषयी आहे. जपानी शिकणारे, जपानी खाणे-पिणे किंवा प्रवास यांची आवड असणारे कितीतरी जण कार्यक्रम थांबवून त्या क्षणाचे चित्र काढून ठेवतात. मग ते चित्र मित्राकडे, शिक्षकांकडे येते आणि सोबत एकच प्रश्न असतो, यात काय लिहिले आहे? चित्रातली अक्षरे नाटकी वळणाची असतात, ओळ उजवीकडे कापलेली असते, खालची ओळ व्हिडिओच्या नियंत्रण पट्टीखाली अर्धी झाकलेली असते. अशा चित्राचे भाषांतर करायचे म्हणजे आधी ते वाचायचे, आणि वाचण्याआधी काय दिसते व काय दिसत नाही हे वेगळे करायचे. वाचकांनी जपानी येत नाही म्हणून इथे थांबू नये. थोडी जपानी अक्षरे पुढे येतील, पण प्रत्येक ठिकाणी ती काय करत आहेत हे मराठीतून सांगितले आहे.

आधी आपल्याच लिपीवर एक प्रयोग करून पाहा. ‘मोर’ हा शब्द कागदावर लिहा आणि शिरोरेघेच्या वरचा भाग दुसऱ्या कागदाने झाका. आता तो ‘मार’ झाला. ‘सारे’ आणि ‘सारं’ दोन्ही झाकले तर दोन्हीकडे ‘सार’ उरते. आता खालचा भाग झाका. ‘पूल’ गेला आणि ‘पल’ आला, ‘मूल’ गेले आणि ‘मल’ राहिला. शिरोरेघच पुसट झाली तर ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक जातो, कारण तो फरक डोक्यावरच्या त्या छोट्या मोकळ्या जागेत असतो. आपली लिपी कुठे झाकली असता काय हरवते, हे आपल्याला न शिकवता कळते. जपानीतही प्रत्येक बाजूने कापल्यावर वेगवेगळी गोष्ट हरवते. तिथे मात्र ती मुद्दाम शिकावी लागते.

अलंकृत अक्षरांचेही तसेच आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी घडवलेली शीर्षके पाहत मोठा झालेला माणूस कसल्याही वळणाची देवनागरी ओळखतो, कारण अक्षराचा सांगाडा त्याच्या डोळ्यांत बसलेला असतो आणि वरचा साज तो आपोआप बाजूला करतो. जपानी टेलॉप वाचताना हाच साज जाणीवपूर्वक बाजूला करावा लागतो. त्यासाठी तो साज कुठून आला हे ठाऊक असले तर फार मदत होते.

अशा चित्रांत नेहमी भेटणाऱ्या तीन वळणांची ओळख इथे पुरेशी आहे. पहिले वळण ‘कान्तेइर्यू’. 1779 मध्ये एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, नाकामुरा-झा या काबुकी नाट्यगृहाच्या पाटीसाठी ओकाझाकिया कानरोकु याने ते लिहिले. ‘कान्तेइ’ हे त्याचे टोपणनाव. या वळणात रेघा अतिशय जाड असतात, त्यांची टोके आतल्या बाजूला वळतात आणि अक्षराच्या पोटात पांढरी जागा जवळजवळ उरतच नाही. प्रेक्षागृह असेच गच्च भरावे आणि लोक आत ओढले जावेत, अशी इच्छा त्यामागे सांगितली जाते. आज जुने दुकान, परंपरागत पदार्थ, उत्सव असे काही दाखवायचे असले की हे वळण येते. दुसरे ‘कोइन्ताइ’. हे जुन्या शिक्क्यांच्या ठशांवरून आले आहे, म्हणून त्याच्या रेघा कुठे शाई पसरल्यासारख्या फुगतात आणि कुठे झिजल्यासारख्या तुटतात. भीतीच्या प्रसंगाला जपानी चित्रकथांनी ते वापरले, तिथून दूरचित्रवाणीनेही उचलले. या वळणातली तुटलेली रेघ ही दोन रेघा समजू नये.

तिसरे वळण टेलॉपचे नव्हे, चित्रपटगृहातल्या सबटायटलचे आहे, पण स्क्रीनशॉटमध्ये तेही येते. परदेशी चित्रपटांची जपानी सबटायटल पूर्वी हाताने लिहिली जात आणि त्यांचे धातूचे ठसे करून फिल्मवर दाबले जात. ज्या अक्षरांत बंद चौकट आहे, तिथे ठसा फिल्मला चिकटून अडचण होऊ नये म्हणून लिहिणारे कारागीर चौकटीच्या रेघेत मुद्दाम बारीक फट ठेवत. तिला ‘हवेची भोके’ असे म्हणत. ते तंत्र गेले, पण त्या हस्ताक्षरावरून केलेल्या फॉन्टमध्ये फटी तशाच राहिल्या आणि चित्रपटाचा भास द्यायचा असला की आजही ते फॉन्ट वापरतात. नवशिक्याला चौकट उघडी दिसते, तो शब्दकोशात उघड्या आकाराचे अक्षर शोधत बसतो आणि ते सापडत नाही.

आता चित्राकडे येऊ. माझ्याकडे जपानी शिकून गेलेल्या एका विद्यार्थिनीने ते पाठवले होते. एका लहान उपाहारगृहात म्हातारा मालक वाडगा पुढे करतो आहे. खाली पिवळ्या अक्षरांची मोठी ओळ, अक्षरांना आधी लाल आणि त्याबाहेर पांढरा काठ, वळण कान्तेइर्यूचे. तिच्याखाली साध्या जाड अक्षरांची लहान ओळ. चित्र उजवीकडे कापलेले होते, कारण तिने फोनवर ते तसे छाटून ठेवले होते, आणि मूळ व्हिडिओ तिच्याकडे नव्हता. तिला मोठ्या ओळीतली चौथी आणि सहावी आकृती लागत नव्हती. तिने लिहिले होते, “मॅडम, चौथ्या अक्षराच्या जागी नुसता डाग दिसतोय.”

डाग दिसण्याचे कारण अक्षराइतकेच चित्राच्या साठवणुकीत होते. बहुतेक व्हिडिओंमध्ये उजेडाची नोंद प्रत्येक बिंदूसाठी वेगळी ठेवतात, रंगाची नोंद मात्र दोन बाय दोन अशा चार बिंदूंना मिळून एकच ठेवतात. माणसाचा डोळा रंगातला हा तुटवडा सहसा ओळखत नाही, म्हणून जागा वाचते. पण लाल काठाची पिवळी अक्षरे ही नेमकी रंगावर उभी असतात, आणि त्यांच्या कडा तिथे एकमेकींत मिसळतात. उपाय सोपा आहे. चित्र कृष्णधवल करा आणि मगच मोठे करा. पिवळा रंग उजळ करडा होतो, लाल काळपट होतो, आणि रंगाच्या धुक्यात गेलेल्या रेघा उजेडाच्या नोंदीतून परत दिसू लागतात. आधी मोठे करून मग रंग काढला तरी चालते, पण डोळ्याला तोवर चुकीचा आकार पटलेला असतो आणि तो पुसणे अवघड जाते.

कृष्णधवल केल्यावर चौथ्या आकृतीला वरून डावीकडे उतरणारे छप्पर आहे हे स्पष्ट झाले. छपराखालचे पोट अजूनही भरलेलेच होते, कान्तेइर्यूत ते तसेच राहणार. पण तिच्या अलीकडे दोन आडव्या रेघांचे ‘二’, म्हणजे ‘दोन’, होते आणि पलीकडे ‘と’, ‘तो’ हा ध्वनी. दोन आणि तो यांच्यामध्ये बसणारे, छप्पर असलेले अक्षर ‘度’ हेच सहज सुचते, आणि ‘二度と’, ‘निदोतो’, हा जपानीतला नेहमीचा शब्द तयार होतो. सहाव्या आकृतीच्या डोक्यावर दोन बाजूंना उतरणारी पाखी होती. विद्यार्थिनीला ती पाखी लाल काठाचाच भाग वाटली होती, त्यामुळे तिला अक्षर ‘良’, म्हणजे ‘चांगले’, असे वाटत होते. पाखी धरली की ते ‘食’ होते, म्हणजे ‘खाणे’. पुढच्या ‘べ’ या अक्षराच्या खांद्यावरचे दोन छोटे फटकारे काठांच्या जाडीत एक होऊन गोळा झाले होते. असा गोळा दिसला की तिथे दोन फटकारे आहेत की एक पोकळ वर्तुळ आहे हे चित्रावरून ठरवण्याचा आग्रह धरू नये. ‘ताबे’ हा शब्द आहे, ‘तापे’ नाही, आणि इथे निर्णय शब्द देतो. मात्र तो निर्णय आपण शब्दावरून घेतला, डोळ्याने नाही, एवढे लक्षात ठेवावे.

मोठी ओळ आता अशी उभी राहिली. शेवटच्या चौकोनात एक कापलेले अक्षर आहे.

```
もう二度と食べら□
```

‘मोओ निदोतो ताबेरा…’ आणि मग चित्राची कड. इथे जपानी वाक्याच्या घडणीची एक गोष्ट समजून घ्यायला हवी, आणि मराठी माणसाला ती लगेच समजते. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते आणि होकार-नकार त्याच्याही शेवटी. ‘त्याने तिकडे जायला न’ इथे ओळ तुटली तर पुढे ‘नको होतं’ असेल, ‘नकार दिला’ असेल, ‘नव्हतं पाहिजे’ही असेल. म्हणून उजवीकडून कापलेली जपानी ओळ ही सर्वांत धोक्याची. तिथे बहुधा वाक्याचा हो किंवा नाही कापला गेलेला असतो.

पण काही शब्द शेवटाची खबर आधीच देतात. मराठीत ‘मुळीच’ किंवा ‘कदापि’ आले की पुढे नकार येणार हे ऐकणाऱ्याला कळते. जपानीत अशा क्रियाविशेषणांचा एक वर्गच आहे आणि ‘निदोतो’ त्यातला आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘दुसऱ्यांदा’, पण तो नकाराबरोबरच येतो, म्हणजे ‘पुन्हा कधीही नाही’. ओळीचा शेवट दिसत नसला तरी नकार ओळीच्या मध्यातच लिहिलेला आहे. नवशिक्या वाचकाने कापलेल्या ओळीची कड पाहण्याआधी मागे जाऊन असा एखादा शब्द आहे का ते पाहावे.

उरला प्रश्न नकाराच्या रूपाचा. तो नकार साधा असेल, आदरार्थी असेल, ‘कदाचित’ची पुस्ती जोडलेला असेल. इथे मोजपट्टी कामाला येते. छापील जपानी अक्षर, मग ते कितीही गुंतागुंतीचे असो वा सोपे, एका समान चौकोनात बसवलेले असते. म्हणून लपलेल्या जागेत किती अक्षरे मावतील हे मोजता येते. चित्राची उंची 720 बिंदू होती. दूरचित्रवाणीच्या चित्राचे प्रमाण 16 ला 9, म्हणजे पूर्ण रुंदी 1280 बिंदू असणार. हाती असलेली रुंदी 870 होती. डावी कड खरी होती, कारण व्हिडिओच्या डाव्या कोपऱ्यातले घड्याळ पूर्ण दिसत होते. तर उजवीकडचे 410 बिंदू गेले होते. मोठी ओळ डावीकडून 200 बिंदूंवर सुरू होत होती आणि एका अक्षराचा चौकोन 80 बिंदूंचा भरत होता.

टेलॉपची ओळ बहुधा मध्यभागी धरून मांडतात. तसे असेल तर डावीकडे 200 बिंदू मोकळे आहेत तसे उजवीकडेही 200 मोकळे असणार, म्हणजे ओळ 1080 वर संपणार. 200 ते 1080 हे 880 बिंदू झाले, आणि 80 ने भागले की 11 अक्षरे. पण ‘असेल तर’ यावर फार भिस्त ठेवू नये, ते तपासता आले पाहिजे. तपासणी खालच्या लहान ओळीने दिली. ती दोन्ही टोकांना पूर्ण दिसत होती, 420 वर सुरू आणि 860 वर समाप्त. तिचा मध्य 640 येतो, आणि 640 म्हणजे 1280 चा बरोबर निम्मा. एक ओळ मध्यावर आहे म्हटल्यावर तिच्याच डोक्यावरची दुसरीही तशी मानायला आधार मिळाला.

आठ अक्षरे पूर्ण दिसत होती, म्हणून तीन गेलेली. ‘食べられない’, ‘ताबेरारेनाइ’, म्हणजे ‘खाता येत नाही’, याने ओळ भरली की बरोबर 11 होतात. आदरार्थी ‘ताबेरारेमासेन’ धरले तर 12 होतात, ‘कदाचित’ची पुस्ती धरली तर 13. दोन्ही बाद. एक तुल्यबळ उमेदवार मात्र शिल्लक होता. बोलताना जपानी माणूस तेच क्रियापद ‘食べらんない’, ‘ताबेरान्नाइ’, असे घसटून म्हणतो, आणि त्याचीही अक्षरे तितकीच भरतात. निवाडा त्या कापलेल्या नवव्या अक्षराने केला. त्याची 30 बिंदूंची चीर चित्रात राहिली होती आणि तिच्यात एक सरळ उभी रेघ होती. ‘ん’ डावीकडे तिरका उतरतो, त्याला उभी रेघ नसते. ‘れ’ला असते. तशी ती ‘ね’ आणि ‘わ’लाही असते, पण ‘ताबेरा’च्या पुढे ती दोन्ही इथे बसत नाहीत.

या मोजणीला मर्यादा आहेत आणि त्या न सांगता ही रीत शिकवणे योग्य नव्हे. टेलॉप करणारे कलाकार कधी कधी अक्षरे एकमेकांजवळ ओढतात, साध्या उच्चारचिन्हांचा आकार थोडा लहान ठेवतात, आणि मग चौकोन समान राहत नाही. म्हणून आधी दिसणाऱ्या अक्षरांवर चौकोन ताडून पाहावा. पहिल्यापासून आठव्यापर्यंत अंतर सारखे भरले नाही तर उत्तरात एका अक्षराची सूट ठेवावी. शेवटी अरुंद उद्गारचिन्ह असेल तर तेही मोजणीतून निसटू शकते. मी स्वतः मोजणीवरून कधी एखादा शब्द ‘शोधत’ नाही, सुचलेल्या शब्दांतले कोणते जागेत मावत नाहीत एवढेच तिच्याकडून घेते.

लहान ओळीची अडचण दुसरी होती. व्हिडिओ थांबवला की खाली सरकपट्टी येते, आणि तिने त्या ओळीचा खालचा निम्मा भाग झाकला होता. पहिली तीन अक्षरे वरच्या भागावरूनच ओळखू येत होती, ‘店主の’, ‘तेन्शुनो’, म्हणजे ‘दुकानाच्या मालकाची’. चौथ्या जागी चार घरांची खिडकी दिसत होती. ती एकटी असेल तर ‘田’, भातशेत. पण जपानीत खिडकी डोक्यावर घेणारी अक्षरे बरीच आहेत. खाली ‘बळ’ आले तर ‘男’ म्हणजे पुरुष, खाली ‘हृदय’ आले तर ‘思’ म्हणजे विचार, मनातली भावना. खालून कापलेल्या जपानी अक्षरात बहुतेकदा हेच हृदय हरवते, आणि ते मनाशी संबंधित कितीतरी अक्षरांच्या पायाशी असते. ‘奴’ म्हणजे गडी किंवा इसम, त्याच्या खाली हृदय आले की ‘怒’ म्हणजे राग. ‘相’ म्हणजे परस्पर, खाली हृदय आले की ‘想’ म्हणजे कल्पना.

पाचव्या जागी दोन छोट्या उभ्या रेघांची टोके होती, सहाव्या जागी डोंगरासारखा तीन शेंड्यांचा आकार. ‘डोंगर’ हे अक्षर ‘山’ असेच असते, आणि विद्यार्थिनीने ते तसेच वाचले होते. पण ‘出’, म्हणजे ‘बाहेर येणे’, हे एकावर एक ठेवलेल्या दोन डोंगरांसारखे दिसते, आणि खालचा डोंगर सरकपट्टीखाली होता. खिडकी, दोन रेघा, डोंगर, हे सलग वाचले की ‘思い出’, ‘ओमोइदे’, म्हणजे ‘आठवण’, हा शब्द जागच्या जागी बसतो. तिथे दुसरे काही बसवून पाहा, बसत नाही. शेवटी पुन्हा ‘の’ आणि मग ‘味’, चव. हिच्या डाव्या अंगाला तोंडाची चौकट होती आणि वाडगा तर चित्रातच होता.

दोन्ही ओळी मिळून आता अशा झाल्या. कंसातला भाग पूर्ण दिसलेला नाही, भरलेला आहे.

```
もう二度と食べら[れない]
店主の思い出の味
```

हा चौकोनी कंस कोरीव लेखांच्या अभ्यासातून घेतला आहे. फुटलेल्या दगडावर गेलेली अक्षरे संपादकाने भरली तर ती चौकोनी कंसात द्यावीत असा संकेत 1931 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे ग्रीक-लॅटिन लेखांसाठी ठरला. ज्याला शिलालेखांची किंवा ताम्रपटांची पुस्तके चाळण्याची सवय आहे त्या मराठी वाचकाला अशा खुणा परक्या वाटणार नाहीत. स्क्रीनशॉटलाही त्या तितक्याच उपयोगी आहेत. भाषांतर मागणाऱ्याला अर्थ हवा असतो हे खरे, पण त्यातले काय पडद्यावर होते आणि काय आपण दिले, हे कळण्याचा त्याला हक्क आहे.

दोन ओळी जोडल्यावर व्याकरणाने आणखी एक साक्ष दिली. ही दोन वाक्ये नव्हती. वरची ओळ खालच्या ‘चवी’चे विशेषण होती, आणि नामाआधी येणारे असे क्रियापद जपानीत साध्याच रूपात असते. आदरार्थी रूप मोजणीने बाद झाले होते, ते इथेही बाद झाले. मराठीला अशी रचना फार सहज जमते, आपल्याकडे त्यासाठी ‘-णारी’ आहे. मी लिहिले, ‘आता पुन्हा कधीच खायला न मिळणारी, मालकाच्या आठवणीतली चव’. ‘खाता न येणारी’ असेही व्याकरणात बसते, पण मराठीत त्याने पदार्थच खाण्याजोगा नाही असे वाटते. ‘न मिळणारी’ म्हटले की कोणाला मिळणार नाही हे मोकळे राहते, मालकाला की आपल्या सगळ्यांना, आणि जपानी ओळीतही ते मोकळेच आहे. तिथे कर्ता लिहिलेला नाही. भाषांतरात ‘मला’ किंवा ‘त्याला’ घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. चित्र पाठवणाऱ्याला कथा ठाऊक असते, आपल्याला नसते.

अक्षरांच्या वळणाचे काय करायचे, असा प्रश्न नवीन भाषांतरकार नेहमी विचारतो. कान्तेइर्यूने ओळीला जुनेपणाचा आणि थाटाचा रंग दिला होता. माझे मत असे की तो रंग मराठी ओळीत उद्गारचिन्हे टाकून किंवा संस्कृतप्रचुर शब्द घालून आणू नये. भाषांतराखाली एक वाक्य लिहावे, ‘अक्षरे काबुकीच्या पाट्यांच्या वळणाची आहेत, म्हणजे कार्यक्रम हे दुकान जुने आणि परंपरागत म्हणून दाखवतो आहे’. त्या वाक्याने वाचणाऱ्याला जे कळते ते शब्दांच्या भरजरी निवडीने कळत नाही. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. टेलॉप म्हणजे बोलण्याची जशीच्या तशी नोंद नव्हे. बोलताना कोणी क्रियापदातला ‘रा’ गाळून ‘ताबेरेनाइ’ म्हणाला, तर टेलॉपमध्ये तो ‘रा’ बहुधा परत घातलेला असतो, कारण लिखित भाषेत गाळणे अशुद्ध मानतात. म्हणून आवाज ऐकायला मिळाला आणि तो ओळीशी जुळला नाही तर लगेच आपले वाचन चुकले असे धरू नका.

मी हे उत्तर कंसासकट पाठवले. संध्याकाळी तिने त्याच कार्यक्रमाचे दुसरे चित्र पाठवले. तेही उजवीकडे छाटलेले, पण खाली एकच ओळ, डावीकडे टेकवून मांडलेली, त्यामुळे मध्य मोजायला काही नव्हते. साध्या अक्षरांत एवढेच होते.

```
行かな
```

‘इकाना’. जाण्याविषयी काहीतरी. पुढे ‘इ’ असेल तर ‘जाणार नाही’. ‘कात्ता’ असेल तर ‘गेलो नाही’. आणि ‘क्या’ असेल तर अर्थ उलटतो, ‘जायलाच हवं’. आधी एकही शब्द नव्हता जो शेवटाची खबर देईल, चीर उरली नव्हती, शेजारची ओळ नव्हती. मी तिन्ही अर्थ लिहून पाठवले, कुठल्याही एकाला वर न ठेवता. सोबत एकच गोष्ट विचारली, चित्र जिथे छाटले आहे तिथे म्हाताऱ्याच्या पायांशी काय होते, तो बूट घालत होता का.